पेन्शनर मृत्यूची सूचना व आजीस कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करण्याबाबत अर्ज

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५
मौजा चिचटोला, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

प्रति,
मा. जिल्हा कोषागार अधिकारी,
निवृत्तिवेतन शाखा,
जिल्हा कोषागार कार्यालय, चंद्रपूर

विषय : कै. नारायण सखाराम बोरकुटे, सेवानिवृत्त वनपाल, यांच्या मृत्यूची माहिती देणे, तसेच त्यांच्या पत्नी श्रीमती वत्सलाबाई नारायण बोरकुटे यांना कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर करून सुरू करण्याबाबत.

संदर्भ : पी.पी.ओ. क्रमांक ०३१२०७४८६६

अर्जदार : श्रीमती वत्सलाबाई नारायण बोरकुटे
अर्ज लिहिणार : प्रफुल विठोबा बोरकुटे (नातू)

महोदय,

सविनय सादर करतो की, माझे आजोबा कै. नारायण सखाराम बोरकुटे यांचे दिनांक १९ जानेवारी २०२५ रोजी पहाटे राहत्या घरी वृद्धापकाळाने निधन झाले. ते ब्रह्मपुरी वन विभागातून वनपाल पदावरून ३१ मे २००३ रोजी सेवानिवृत्त झाले होते. त्यांची जन्मतारीख १२ मे १९४५. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २४ जानेवारीला, म्हणजे २१ दिवसांच्या मुदतीत झाली असून दाखल्याची मूळ प्रत सोबत जोडली आहे.

अर्ज माझ्या आजीचा आहे. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून मी लिहितो आहे. खाली अंगठा तिचा आहे, सही माझी. निवृत्तिवेतनावर माझा स्वतःचा कसलाही हक्क नाही आणि मी तो सांगतही नाही. माझे वडील विठोबा व आत्या पंचफुला दोघेही वयाने मोठे, विवाहित आणि स्वतंत्र आहेत. त्यांचीही मागणी नाही. तसे संमतिपत्र दोघांनी सही करून दिले आहे. आजोबांना दुसरी पत्नी नव्हती आणि आजीने पुनर्विवाह केलेला नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न विचारावा लागतो, पण विहित नमुन्यात तसा रकाना आहे, तेव्हा उत्तर लिहून दिले आहे.

पैशांबाबत आधी सांगतो. आजोबांचे जानेवारी महिन्याचे पूर्ण निवृत्तिवेतन फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्या खात्यात जमा झाले. मृत्यूच्या दिवसापर्यंतची, म्हणजे १ ते १९ जानेवारीपर्यंतचीच रक्कम त्यांच्या हक्काची आहे हे आम्हाला माहीत आहे. २० ते ३१ जानेवारी या बारा दिवसांचे जास्तीचे आले आहेत. त्या रकमेला आम्ही हात लावलेला नाही. एटीएम कार्डही वापरलेले नाही. तेरवीचा खर्च धानाच्या चुकाऱ्यातून भागवला. पासबुकाच्या आजवरच्या नोंदींची प्रत जोडली आहे, म्हणजे आपल्याला ताळा घेता येईल. ही जास्तीची रक्कम आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून वळती करावी, अशी विनंती आहे. तिचे वेतन २० जानेवारीपासूनच सुरू होणार असल्याने तेच दोन्हीकडून सोयीचे होईल. परत भरणेच आवश्यक असेल तर चलानाचा तपशील कळवावा, आम्ही भरू. मृत्यूची सूचना बँकेच्या सिंदेवाही शाखेलाही लेखी दिली असून तिची पोच जोडली आहे. तरी पुढच्या महिन्याचे वेतन चुकून जमा होऊ नये म्हणून आपल्याकडूनही आजोबांचे निवृत्तिवेतन थांबवावे.

आजोबांनी हयातीचा दाखला मागच्या नोव्हेंबरात दिला होता. बँकेच्या यादीवर सही करायला मीच त्यांना मोटारसायकलवर नेले होते. सही वाकडी आली म्हणून ते बाबूंना म्हणाले होते, "पाह्यून घ्या बाप्पा, मीच हाय." त्यामुळे जानेवारीपर्यंतच्या वेतनाबद्दल काही शंका राहू नये.

आता मुख्य अडचण. आजीच्या कागदांत तिचे नाव आणि जन्मसाल जुळत नाही, आणि त्याचाच विचार आपण नीट करावा म्हणून हा अर्ज लांबला आहे.

पी.पी.ओ.वर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी "सौ. वच्छला नारायण बोरकुटे, जन्मतारीख १० जून १९४८" अशी नोंद आहे. आधार कार्डावर "वत्सलाबाई नारायण बोरकुटे, ०१/०१/१९५२" आहे. बाई एकच. आमच्याकडे वत्सला नावाला तोंडाने वच्छला म्हणतात. सेवापुस्तकात कुटुंबाचा तपशील लिहिताना आजोबांनी तोंडी सांगितले ते तसेच उतरले असावे. आधार काढायला गावात शिबिर लागले तेव्हा आजीजवळ जन्माचा कोणताच कागद नव्हता. तिने अंदाजाने वय सांगितले आणि १ जानेवारी टाकली गेली. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो.

एका ठिकाणी आम्हाला तोंडी सांगण्यात आले की आधी आधारप्रमाणे पी.पी.ओ. बदलून आणा, मग बघू. हे आम्हाला उलटे वाटते. पी.पी.ओ.वरची नोंद आजोबा नोकरीत असतानाची, खात्याने तपासलेली आहे. आधारवरचे साल सांगितलेले आहे. शिवाय आत्याचा जन्म शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे १९६६ चा आहे. आधारचे साल खरे धरले तर त्या वेळी आजी चौदा वर्षांची ठरते. पी.पी.ओ.प्रमाणे ती अठराची होते, आणि घरातल्या सगळ्यांच्या आठवणीशी तेच जुळते. आत्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडत आहे.

हा फरक आता किरकोळ दिसला तरी पुढे तो पैशांत उतरणार आहे. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनात वयानुसार वाढ मिळते. पी.पी.ओ.प्रमाणे आजीला ती २०२८ च्या जूनमध्ये लागू होईल, आधारप्रमाणे २०३२ मध्ये. इतकी वर्षे तिने थांबावे असे आम्हाला वाटत नाही. म्हणून विनंती अशी की, जन्मतारीख पी.पी.ओ.वरचीच ग्राह्य धरावी. नावातील फरकाबाबत "वच्छला व वत्सलाबाई ही एकच व्यक्ती" असे प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात करून घेतले आहे. सरपंच व पोलीस पाटील यांचे दाखलेही आहेत. हा कागदांचा ढीग पाहून आजी म्हणाली, "तुह्या आबाच्या घरात साठ वर्षं राहिली, अन् मी कोन हावो ते आता पोलीस पाटील सांगन का?" सांगावे लागते, असे मी तिला समजावले.

एवढे होऊनही नाव किंवा जन्मतारखेची दुरुस्ती महालेखाकार, नागपूर यांच्याकडूनच व्हायला हवी असे आपले मत असेल, तर कृपया तसे लेखी कळवावे. प्रस्ताव ब्रह्मपुरीच्या उपवनसंरक्षक कार्यालयामार्फत जावा की आपल्याकडून, हेही सांगावे. तोंडी सांगितलेले पुढच्या टेबलावर चालत नाही. मात्र दुरुस्ती होईपर्यंत वेतन अडवून ठेवू नये. कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम व पत्नीची नोंद पी.पी.ओ.वर आधीच आहे, दोघांचा संयुक्त फोटो त्यावर आहे, आणि फोटोतली बाई आजही तीच आहे.

दराविषयी थोडेच. आजोबा एकवीस वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा वाढीव दराची मुदत त्यांच्या हयातीतच संपली आहे आणि साध्या दरानेच मिळेल हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु मूळ आदेशावरचा आकडा पाचव्या वेतन आयोगाच्या काळातला आहे. पुढे सहाव्या व सातव्या आयोगाप्रमाणे जे सुधारित कुटुंब निवृत्तिवेतन ठरते, ते व त्यावरील महागाई भत्ता धरून रक्कम निश्चित करावी आणि तिची प्रत आजीच्या नावे द्यावी. आजोबांनी अंशराशीकरण घेतले होते. त्याची कपात पंधरा वर्षांनंतर थांबली होती, आणि तिचा कुटुंब निवृत्तिवेतनाशी संबंध नाही. तरी हिशेबात चुकून लागू नये म्हणून लिहून ठेवले. आजोबांच्या हयातीतली महागाई भत्त्याची किंवा अन्य काही थकबाकी निघत असल्यास, नामनिर्देशनात आजीचेच नाव आहे, तीही तिला मिळावी.

ओळख पटवण्यासाठी आजीला चंद्रपूरला आणणे अवघड आहे. मागल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली तेव्हापासून काठीशिवाय चालत नाही, आणि मूलमार्गे बसचा प्रवास तिला सोसत नाही. सिंदेवाहीच्या उपकोषागारात किंवा बँकेच्या शाखेत ओळख पडताळणीची व्यवस्था करावी. तिथे आम्ही तिला कोणत्याही दिवशी ऑटोने आणू. अंगठ्याबाबतही सांगून ठेवतो. आयुष्यभर रोवणी आणि कापणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, बोट यंत्रावर लागत नाही. राशनच्या दुकानातही हाच त्रास आहे. त्यामुळे शाईचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेतलेला ग्राह्य धरावा.

वेतन पूर्वीच्याच खात्यात जमा करावे. ते आजोबा-आजीचे संयुक्त खाते असून आजोबांचे नाव कमी करण्याचा अर्ज बँकेत दिला आहे. त्यासाठी वेगळे खाते लागत असल्यास आठ दिवसांत उघडू.

घरात सध्या धानाखेरीज दुसरे उत्पन्न नाही आणि आजीची रक्तदाबाची औषधे आजोबांच्या पेन्शनमधूनच येत होती. म्हणून प्रकरण शक्य तितक्या लवकर निकाली काढावे आणि काही त्रुटी असेल तर सगळ्या एकदमच कळवाव्यात, ही विनंती.

सोबत :
१. मृत्यू दाखला, मूळ
२. पी.पी.ओ.ची पेन्शनरकडील प्रत, मूळ (झेरॉक्स आमच्याकडे ठेवली आहे)
३. विहित नमुन्यातील कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, ओळखचिन्हे व अंगठ्याच्या ठशांसह
४. आजीचे आधार, पॅन व तीन फोटो
५. पासबुकाची प्रत व बँकेला दिलेल्या सूचनेची पोच
६. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र, सरपंच व पोलीस पाटील यांचे दाखले
७. आत्याचा शाळा सोडल्याचा दाखला, साक्षांकित
८. पुनर्विवाह न केल्याचे प्रमाणपत्र
९. वडील व आत्या यांचे संमतिपत्र

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच मिळावी.

आपला विश्वासू,
प्रफुल विठोबा बोरकुटे

अर्जदार : श्रीमती वत्सलाबाई नारायण बोरकुटे यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. अर्ज त्यांना वाचून दाखवला, त्यांनी समजून घेऊन अंगठा दिला.

साक्षीदार : १) विठोबा नारायण बोरकुटे, मुलगा  २) देवराव लहानू मेश्राम, शेजारी, दोघेही रा. चिचटोला

प्रत माहितीसाठी : मा. उपवनसंरक्षक, ब्रह्मपुरी वन विभाग, ब्रह्मपुरी