दिवाळी अंक २०२५ : अंतिम फाइल्स, मंजुरी आणि पुढचं ठरलेलं

मेधाताई, नमस्कार.

अंकाच्या अंतिम फाइल्स आज, सोमवार १५ सप्टेंबरला, आपल्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. `Ank2025_Text_Final.pdf` मध्ये आतली १९२ पानं म्हणजे सोळापानी बारा फर्मे आहेत, आणि `Ank2025_Cover_Final.pdf` मध्ये मुखपृष्ठ, मलपृष्ठ व पाठ. पाठीची जाडी छापखान्याच्या डमीवरून १० मिमी धरली आहे. कागद बदलला तर मला आधी कळवा.

वाचताना एका गोष्टीकडे खास लक्ष द्या. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला होता. पान ७३ वरच्या कवितेत सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ होत्या, त्यांचा ‘दर्या’ झाला. त्याच कवितेत खरा दर्याही आहे, त्यामुळे सरसकट बदल करता येत नव्हता. सगळा अंक डोळ्यांखालून घालून अशा ४१ जागा दुरुस्त केल्या. तरी ती कविता कवींना एकदा दाखवाच, त्यांचा शब्द तेच नक्की ओळखतील.

मंजुरीसाठी पीडीएफ संगणकावर उघडून पाहा, मोबाइलवर नको. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक, लेखकांची नावं आणि जाहिरातींतले फोन नंबर ताडून पाहा. मग छापखान्याकडून एका फर्म्याचं कागदी प्रूफ घ्या. सगळं ठीक असेल तर सोमवार २२ तारखेपर्यंत ईमेलवर ‘अंक छपाईस मंजूर’ एवढं लिहा. फोनवरचा होकार मी मंजुरी धरणार नाही, आणि तुमचं उत्तर आलं नाही तर तेही मंजुरी समजणार नाही. प्लेटी निघाल्या की चूक हजारो प्रतींत जाते.

दुरुस्त्या २६ सप्टेंबरपर्यंत, दोन फेऱ्यांत. प्रत्येक फेरीच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र, पान आणि ओळ लिहून पाठवा. दोन दिवसांत नवी फाइल देईन. माझ्या हातून राहिलेली चूक कधीही, विनामूल्य. नवा मजकूर घालून पान पुन्हा लावावं लागलं तर पानाला ₹२५०. पान ११२ वरची सराफांची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आहे, छपाईत फुटेल. मूळ फाइल मिळाली की बदलतो, त्याचे पैसे नाहीत.

छपाई सुरू असताना छापखान्याने मला थेट फोन करावा, रात्रीसुद्धा. अंक आल्यावर ३० दिवस ई-आवृत्तीची पीडीएफ, समाजमाध्यमांसाठी मुखपृष्ठ अशी किरकोळ कामं याच मानधनात होतील. पुनर्मुद्रणासाठी मजकूर बदलायचा झाला तर ते वेगळं काम.

ठरलेल्या ₹३८,००० पैकी ₹१५,२०० बाकी आहेत, ते मंजुरीनंतर सात दिवसांत द्यावेत. ते आले की इनडिझाइनच्या मूळ फाइल्स तुमच्या ताब्यात देतो. ‘मुक्त’ आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ हे दोन्ही फाँट खुल्या परवान्याचे आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत तरी अडणार नाही. माझ्याकडची प्रत ३१ मार्च २०२६ पर्यंत जपून ठेवीन.

आपला,
नीलेश
(अक्षरजुळणी व मांडणी)