जनरेटरच्या मंजुरीचा मेल: मूळ मसुदा, आटोपशीर मसुदा आणि काटछाटीची कारणं

नितीन,

मसुदा वाचला. माहिती सगळी आहे आणि आकड्यांची बेरीजही जुळते. पण साहेबांकडून काय हवंय ते शेवटच्या परिच्छेदात आहे, आणि तिथेही रक्कम नाही, तारीख नाही. आधी तुझा मसुदा जसाच्या तसा ठेवते, म्हणजे खाली मी कशाबद्दल बोलतेय ते समोर राहील.

तुझा मसुदा

> विषय: जनरेटरबाबत
>
> मा. संकलन व्यवस्थापक साहेब,
>
> सविनय नमस्कार. वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या शीतकरण केंद्रावर 5,000 लिटर क्षमतेचे 2 बल्क कूलर असून त्यांच्यासाठी सन 2016 मध्ये 40 केव्हीएचा जनरेटर बसविण्यात आलेला आहे. सदर जनरेटरची वेळोवेळी सर्व्हिसिंग करण्यात आली असून इंजिनची स्थिती समाधानकारक आहे. मागील वर्षी फिल्टर, पट्टा व बॅटरी बदलण्यात आली होती.
>
> दि. 12 एप्रिल रोजी जनरेटरचे व्होल्टेज कमी-जास्त होत असल्याचे ऑपरेटरच्या निदर्शनास आले होते. त्यांनी त्याच वेळी कळविले असते तर पुढील नुकसान टळले असते, परंतु जनरेटर तसाच चालविण्यात आला. दि. 15 एप्रिल रोजी जळका वास येऊन जनरेटर बंद पडला. इलेक्ट्रिशियनने तपासणी केली असता अल्टरनेटरचे वाइंडिंग जळाल्याचे व एव्हीआर निकामी झाल्याचे आढळले. मेगरवर 0.2 मेगाओहम रीडिंग आले.
>
> दि. 17 एप्रिल रोजी गुरुवार असल्याने देखभालीसाठी वीजपुरवठा बंद होता. त्या दिवशी सकाळचे दूध अपेक्षित तापमानापर्यंत थंड होऊ शकले नाही. टँकर भरताना तापमान 21 अंश होते. प्लँटच्या डॉकवर मागच्या कप्प्यातील 2,140 लिटर दूध सीओबी पॉझिटिव्ह आल्याने नाकारण्यात आले, ही बाब खेदाने नमूद करावीशी वाटते.
>
> याबाबत 3 दुरुस्तीदारांकडून दरपत्रके मागविण्यात आली. पहिल्याचा दर 89,000 रुपये, दुसऱ्याचा 82,600 रुपये व तिसऱ्याचा 94,400 रुपये असा आहे. दुसऱ्याने दुरुस्तीस 4 दिवस लागतील व 6 महिन्यांची हमी देऊ असे सांगितले आहे. भाड्याने जनरेटर घेतल्यास दररोज 3,200 रुपये लागतात. येत्या गुरुवारीही वीज बंद राहणार असल्याचा संदेश आला आहे.
>
> उन्हाळ्याचे दिवस असल्याने उत्पादकांच्याही तक्रारी येत आहेत. तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन जनरेटरबाबत योग्य तो निर्णय व्हावा व तोपर्यंत काहीतरी सोय व्हावी, ही नम्र विनंती. सोबत फोटो जोडले आहेत.
>
> आपला विश्वासू,
> नितीन, केंद्रप्रमुख

पाठवायचा मसुदा

> विषय: बुधवार दुपारी 12 पर्यंत मंजुरी हवी: जनरेटर दुरुस्ती व भाडे, 98,600 रुपये
>
> सर, जनरेटरची दुरुस्ती (82,600) आणि ती होईपर्यंत 5 दिवस भाड्याचा जनरेटर (16,000), अशा एकूण 98,600 रुपयांच्या खर्चाला उद्या बुधवारी, 23 एप्रिलला दुपारी 12 पर्यंत आपली मंजुरी हवी आहे.
> गुरुवारी सकाळी 9 ते दुपारी 2 वीज बंद आहे. जनरेटर नसेल तर सकाळचं 4,800 लिटर दूध थंड न होताच टँकरमध्ये जाईल.
>
> मागच्या गुरुवारी, 17 एप्रिलला, हेच झालं. टँकर भरताना दूध 21 अंशांवर होतं आणि डॉकवर 2,140 लिटर सीओबी पॉझिटिव्ह म्हणून नाकारलं गेलं. 34 रुपये दराने हे नुकसान 72,760 रुपये.
>
> दुरुस्ती: अल्टरनेटरचं वाइंडिंग जळालं आहे आणि एव्हीआर गेला आहे. इंजिन चांगलं आहे, त्यामुळे नवीन जनरेटरची गरज नाही. 3 दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दर 82,600 रुपये, जीएसटी धरून. 6 महिन्यांची हमी. काम 4 दिवसांचं, म्हणजे येत्या गुरुवारपर्यंत होणार नाही.
>
> भाडे: गुरुवार 24 ते सोमवार 28 एप्रिल, रोज 3,200 रुपये, ने-आण धरून. डिझेल केंद्राच्या नेहमीच्या खर्चातून.
>
> या मेलला फक्त "मंजूर" एवढं उत्तर आलं तरी मी दोन्ही कामं लगेच सांगतो. दुरुस्तीबद्दल विचार करायला वेळ हवा असेल तर निदान भाड्याला उद्या मंजुरी मिळावी, ही विनंती.
>
> सोबत: दरपत्रकांचा तक्ता व मेगर रीडिंग, एकच पीडीएफ.
>
> नितीन, केंद्रप्रमुख

आता काय हलवलं आणि का.

सर्वांत मोठा घोळ "योग्य तो निर्णय व्हावा" या शब्दांत आहे. कागदी पत्रव्यवहारात ते नम्र वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यात करायला काहीच सापडत नाही. साहेब "पाहतो" म्हणतील आणि मेल खाली सरकेल. मागणी म्हणजे चार गोष्टी: काय, किती, कधीपर्यंत, कोणाची मंजुरी. या चारही तुझ्या मसुद्यात होत्या किंवा त्यातून निघत होत्या, पण चार वेगवेगळ्या ठिकाणी. 82,600 चौथ्या परिच्छेदात, तेही 89,000 नंतर. येता गुरुवार त्याच परिच्छेदाच्या शेवटी. भाड्याचे 5 दिवस तर कुठेच लिहिलेले नव्हते. 24 ते 28 असे मी मोजले. गुरुवारी आपला जनरेटर दुरुस्तीला सोडला की सोमवारी संध्याकाळपर्यंत 4 दिवसांचं काम बसतं.

भाड्याची मागणी "काहीतरी सोय" मध्ये दडली होती. खरं तर गुरुवारचं दूध भाड्याच्या मशीनवरच वाचणार आहे, दुरुस्तीवर नाही. म्हणून ती पहिल्याच ओळीत घेतली आणि शेवटी स्वतंत्र मंजुरीचा पर्यायही दिला. हा पर्याय नसता तर दुरुस्तीवर अडलं की भाडंही अडलं असतं. दोन्ही मिळून रक्कम साहेबांच्या 1 लाखाच्या अधिकारात बसते, त्यामुळे वर जायची गरज नाही. त्या मर्यादेचा मेलमध्ये उल्लेख करू नकोस. त्यांना ती ठाऊक आहे, आणि लिहिली तर रक्कम मुद्दाम बसवल्यासारखी दिसते.

साहेब दिवसभर फिरतीवर असतात, मेल फोनवर उघडतात. यादीत विषय दिसतो आणि त्याखाली मजकुराचे पहिले काही शब्द. तुझ्या मसुद्यात ती जागा "सविनय नमस्कार. वरील विषयास अनुसरून आपणास" यात संपते. "सर," नंतर थेट जनरेटर आला की मेल न उघडताही विषय कळतो. विषयात "बुधवार दुपारी 12" सुरुवातीला ठेवलंय, कारण लांब विषयाची शेपटी फोनवर कापली जाते. रक्कम कापली गेली तरी चालेल, वेळ कापली जाता कामा नये.

2,140 लिटरचं वाक्य तू "खेदाने नमूद" करून मऊ केलंस. त्याचे रुपये केल्यावर 72,760 होतात, म्हणजे एका गुरुवारचं नुकसान दुरुस्तीच्या खर्चाच्या आसपास. हा आकडा पहिल्या दोन ओळींत घ्यायचा मोह होतो, पण घेतला नाही. तिथे मागणी आणि गुरुवारचं कारण एवढंच मावतं. तिसरी गोष्ट घुसवली की दोन ओळींच्या पाच होतात.

2016, फिल्टर, पट्टा, बॅटरी हे सगळं काढलं. त्यातली एकच गोष्ट ठेवली: इंजिन चांगलं आहे. दहा वर्षं होत आलेल्या मशीनवर 82,600 का घालायचे, हा साहेबांचा पहिला प्रश्न असेल आणि त्याचं उत्तर त्या अर्ध्या वाक्यात आहे. मेगरचं रीडिंग पीडीएफमध्ये टाक. देखभाल विभागाला ते लागेल, साहेबांना 0.2 मेगाओहमवरून काही ठरवायचं नाही.

ऑपरेटरबद्दलचं वाक्य पूर्ण काढलं. ते खरं असेलही, पण मंजुरीच्या मेलमध्ये दोष आला की चर्चा तिकडे वळते: कोणी सांगितलं नाही, नोटीस दिली का. मंजुरी राहते बाजूला. तो विषय वेगळा मांड, आणि व्होल्टेज रोजच्या लॉगमध्ये लिहिलं जातं का ते आधी बघ. उत्पादकांच्या तक्रारींचंही तसंच. किती, कुठल्या गावच्या, कशाबद्दल हे नसेल तर ते वाक्य भरतीचं ठरतं.

प्रतीत तू लेखा, देखभाल आणि अध्यक्षांचं कार्यालय तिघांना घेतलंयस. लेखा आणि देखभाल राहू देत. अध्यक्षांचं कार्यालय काढ, नाहीतर विनंतीचा सूर तक्रारीचा होतो आणि साहेब आधी स्वतःचा बचाव लिहायला बसतील. फोनवरून थेट जोडलेले 9 फोटोही काढ. फिरतीवर नेट धड नसतं, मेल उघडायलाच वेळ लागतो.

भाषा बोलीकडे आणली आहे, पण "हवी आहे" आणि "मिळावी" ठेवलंय. आणखी कापून "मंजुरी द्या, वीज बंद आहे" केलंस तर दोन शब्द वाचतील आणि मेल हुकुमासारखा वाचला जाईल. तेवढी काटकसर नको.

पाठवण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. 3,200 मध्ये ने-आण आहे असं मी धरलंय. दरपत्रकात ते स्पष्ट नाही. ती वेगळी निघाली तर 1 लाखाला फक्त 1,400 रुपयांची फट आहे आणि मग पहिली ओळच बदलावी लागेल. दुसरं, सर्वांत कमी दरात बेअरिंग आणि बसवण्याची मजुरी आहे ना, ते बघ. तुझ्या तक्त्यात वाइंडिंग 52,000, एव्हीआर 9,500 आणि "इतर" 8,500 आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी 12,600. ते "इतर" म्हणजे काय हे लेखा विभाग हमखास विचारणार, तेव्हा तिथे शब्दांत लिही.

मेल आज दुपारी 4 च्या आत जाऊ दे. उद्या सकाळी 10:30 पर्यंत उत्तर नसेल तर दुसरा मेल लिहू नकोस, फोन कर. उचलला नाही तर हा संदेश टाक:

> सर, जनरेटरचा मेल काल दुपारी पाठवला आहे. उद्या सकाळी 9 ला वीज जाणार आहे. भाड्याची मशीन आज दुपारी 12 पर्यंत सांगावी लागेल, रोज 3,200 प्रमाणे 5 दिवस. निदान तेवढ्याला हो म्हणालात तरी काम सुरू करतो. नितीन

उज्ज्वला