अ‍ॅडमिन लॉच्या रिव्हिजनसाठी केस ब्रीफ कशी काढायची (आपल्या पाच जणांसाठी)

तर केसेस जवळपास वाटून झाल्या, आता सगळ्यांनी एकाच पद्धतीनं ब्रीफ काढा, नाहीतर पेपरच्या आदल्या रात्री लॉ कॉलेज चौकात चहाच्या टपरीवर एकमेकांचं अक्षर लावत बसू. एका केसला एकच पान, त्यात चार खाने: फॅक्ट्स, रिव्ह्यूचं ग्राउंड, रेशो, रेमेडी. पान याच क्रमानं दिसलं पाहिजे, पण भरायचं उलटं, म्हणजे आधी रेमेडी. जजमेंट उघडलं की सरळ शेवटच्या पॅराला जा, कोर्टानं ऑर्डर रद्द केली, मॅटर परत पाठवलं, नुसतं डिक्लेरेशन दिलं की पिटिशन फेटाळली, ते एका ओळीत लिहा आणि मग मागं या. कारण रेशो म्हणजे ही रेमेडी ज्या कायद्याच्या मुद्द्यावर उभी आहे तो मुद्दा, बाकी कितीही भारी वाक्य असलं तरी ते ओबिटर, हे एकदा डोक्यात बसलं की चाळीस पानांतून काय उचलायचं याचा घोळच होत नाही.

फॅक्ट्स पाच ओळींच्या वर नको. कोणी, कोणत्या पॉवरखाली, काय निर्णय घेतला आणि कोणाचं काय गेलं, बस. पार्ट्यांची नावं, मधल्या तारखा, वकील कोण होते हे कोणी विचारत नाही, पण ज्या कलमाखाली निर्णय झाला ते कलम सोडलं तर ब्रीफ अर्धी.

ग्राउंडच्या खान्यात नुसतं 'नॅचरल जस्टिस' लिहून मोकळं होऊ नका बे. इललिगॅलिटी, इर्रॅशनॅलिटी, प्रोसिजरल इम्प्रोप्रायटी, ही १९८४ च्या जीसीएचक्यू केसमधली लॉर्ड डिप्लॉकची तीन नावं, आपल्याकडं टाटा सेल्युलर, १९९४ मध्येही तीच घेतली आहेत, आणि चौथं प्रपोर्शनॅलिटी. त्यातलं कोणतं ते आधी, मग त्याच्या पोटातलं नेमकं: बायस का, सुनावणी दिली नाही का, कारणंच दिली नाहीत का.

आता क्रायपाक ही केस करून दाखवतो, म्हणजे फोन करून विचारत बसू नका.

फॅक्ट्स: इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसची जम्मू-काश्मीरमधली पहिली भरती, १९६६ च्या रेग्युलेशन्सखाली सिलेक्शन बोर्ड. अ‍ॅक्टिंग चीफ कन्झर्व्हेटर नक्शबंद हे बोर्डाचे मेंबर आणि स्वतः कॅन्डिडेटही. स्वतःचं नाव आलं तेव्हा बाहेर बसले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आत होते आणि यादीचा क्रम लावतानाही होते. फायनल शिफारस यूपीएससीची.

ग्राउंड: प्रोसिजरल इम्प्रोप्रायटी, बायस. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करायची गरज नाही, तशी वाजवी शक्यता पुरे.

रेशो: निर्णय अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह आहे म्हणून नॅचरल जस्टिस लागू नाही असं म्हणता येत नाही. बोर्डावरच्या एका मेंबरचा बायस पूर्ण निवडीला लागतो, यूपीएससीनं नंतर यादी बघितली म्हणून तो धुतला जात नाही.

रेमेडी: पिटिशन्स मंजूर, निवडी रद्द, फक्त नक्शबंद यांची एकट्याची नाही.

बघा, 'एकट्याची नाही' हे रेमेडीत लिहिलं म्हणूनच रेशोमधलं दुसरं वाक्य सापडलं. बऱ्याच गाईडमध्ये नुसतं पहिलं असते, आणि प्रॉब्लेम क्वेश्चन नेमका दुसऱ्यावर येतो.

सगळ्यात जास्त लोक रेमेडीत फसतात ते मनेका गांधी, १९७८ मध्ये. सगळे डोळे झाकून 'पासपोर्ट जप्तीचा आदेश रद्द' लिहून राहिले, आणि तसं झालंच नाही. अ‍ॅटर्नी जनरलनी सांगितलं की सरकार त्यांचं म्हणणं ऐकून घेईल, त्यावर कोर्टानं फॉर्मल ऑर्डर काढलीच नाही. मग एवढी मोठी केस कशासाठी, तर कलम २१ मधली प्रोसिजर न्याय्य, वाजवी असली पाहिजे यासाठी, आणि सुनावणी आधी शक्य नसेल तर निर्णयानंतर तरी दिली पाहिजे यासाठी. हे दोन्ही ग्राउंड आणि रेशोमध्ये जाते, रेमेडीत खरं तेच लिहा.

एका केसमध्ये दोन ग्राउंड असले तर दोन्ही लिहा पण वेगवेगळ्या ओळीत. रणजित ठाकूर, १९८७ मध्ये तेच आहे: ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानानं तक्रार केली तोच कोर्ट मार्शलवर बसला म्हणून बायस, आणि जेवायला नकार दिला म्हणून एक वर्ष कैद वर नोकरीतून डिसमिस, म्हणून प्रपोर्शनॅलिटी. नुसती प्रपोर्शनॅलिटी म्हणून पाठ केली तर अर्धे मार्क गेले.

वेगळी जजमेंट्स असतील तर मेजॉरिटीचाच रेशो, डिसेंट मागच्या बाजूला एका ओळीत. पान हातानं लिहा, टाइप करू नका, कॉपी-पेस्ट झालं की वाचल्यासारखं वाटते पण काही राहत नाही. रणजित ठाकूर मी घेतो, मोहिंदर सिंग गिल अजून कोणीच घेतली नाही, आज रात्रीपर्यंत कोणी तरी नाव टाका, आणि रविवारी येताना पानं घेऊनच या, फोटोतलं पेन्सिलचं अक्षर दिसत नाही.