रविवारच्या चाचणीतल्या चुकांबद्दल

सोलापूर, 20 जानेवारी 2026

मुलांनो,

रविवारच्या सराव चाचणीचे गुण तुम्ही पाहिलेत. बऱ्याच जणांनी खापर गड्डा यात्रेवर फोडलं. फोडा, यात्रा वर्षातून एकदाच येते. मला खटकलं ते सोमवारचं. उत्तरतालिका हातात पडली आणि दहा मिनिटांत तुम्ही लाल पेनाने ‘ब’चा ‘क’ करून मोकळे झालात. एकीने तर सांगितलं, “मॅडम, झाल्या चुका दुरुस्त!”

प्रश्न 47 घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 482 कशाबद्दल आहे? निम्म्याहून जास्त जणांनी ‘उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार’ हा पर्याय निवडला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 482 म्हणजे तेच होतं. नव्या संहितेत मात्र 482 ला अटकपूर्व जामीन आहे, जो पूर्वी 438 ला होता, आणि अंगभूत अधिकार गेले 528 ला. गंमत अशी की इथे चुकले ते जुना कायदा तोंडपाठ असलेलेच. ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी प्रश्न सोडून दिला.

आता वहीत ‘482 = अटकपूर्व जामीन’ एवढंच लिहून ठेवलंत, तर पुढच्या वेळी 173 वर पडाल. जुन्या संहितेत 173 म्हणजे तपासानंतरचा पोलीस अहवाल, आपण ज्याला दोषारोपपत्र म्हणतो तो. नव्यात 173 ला प्रथम खबर आहे आणि पोलीस अहवाल 193 ला. म्हणून वहीत लिहायचं ते असं: ‘आकडा ओळखीचा दिसला की कायदा कोणता हे न वाचताच मी उत्तर देते.’ हे एक वाक्य दोन्ही प्रश्नांना पुरतं. (जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते.)

तुम्ही काय करायचं ते सांगते. उत्तरतालिका झाकून ठेवा आणि चुकलेला प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा. आता बरोबर आला, तर चूक वाचनाची किंवा वेळेची. पुन्हा चुकला, तर विषयच कच्चा आहे. मग गाईड नको, बेअर अ‍ॅक्ट उघडा आणि ते कलम परंतुक, अपवाद, स्पष्टीकरणासकट वाचा. तुमचा समज कलमातल्या नेमक्या कोणत्या शब्दापाशी मोडला, त्या शब्दाखाली रेघ ओढा. ‘घाईत चुकलं’ हे कारण मी वहीत चालवून घेणार नाही. बहुतेक वेळा ते न येण्यावर घातलेलं पांघरूण असतं.

त्या एका शब्दाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. नवी वकील असताना मुदत टळलेल्या दाव्यासोबत मी विलंब माफीचा अर्ज टाईप करून नेला. सीनियरनी तो वाचला आणि काही न बोलता मुदत कायद्याचं कलम 5 माझ्यापुढे सरकवलं. त्यात ‘अपील’ आहे, ‘अर्ज’ आहे. ‘दावा’ नाही. परीक्षेत हे कलम मी बरोबर सोडवलेलं होतं, बहुधा अंदाजानेच.

म्हणून पुढच्या चाचणीपासून अंदाजाने उत्तर दिलेल्या प्रश्नाशेजारी पेन्सिलीने टिंब द्या. टिंबवाले बरोबर आलेले प्रश्नही चुकांच्या वहीत जातील. अंदाज कधी करावा तेही त्यातूनच कळेल. आपण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतो. दोन पर्याय नक्की बाद करून चार प्रश्नांत अंदाज केलात, तर सरासरी दोन बरोबर येतात आणि दीड गुण हाती लागतो. एकही पर्याय बाद न करता केलात, तर चारांत सरासरी एक बरोबर, म्हणजे हाती पाव गुण.

ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांनी ‘अयोग्य नाही’ अशा दुहेरी नकाराच्या प्रश्नांवर वेगळी खूण करा. तिथे कायदा येत असूनही गुण गेलेत.

शनिवारी सकाळी साडेसातला वही घेऊन या. बार्शी, अक्कलकोटहून येणाऱ्यांनी आठला आलात तरी चालेल. प्रत्येकी पाचच चुका आणा, पण पुऱ्या उकललेल्या. वह्या शेजाऱ्याशी बदलून वाचू.

तुमच्या मॅडम

ता. क. प्रश्न 63 ची उत्तरतालिका माझ्याकडूनच चुकली आहे. चौघांनी मिळून जबरी चोरी केली आणि पाचवा तिथेच उभा राहून पाळत ठेवत होता, तर हजर राहून मदत करणाराही मोजला जातो. पाच होतात, म्हणून उत्तर ‘दरोडा’. भारतीय न्याय संहिता, कलम 310. सहा जणांनी ‘दरोडा’ असं बरोबर लिहिलं होतं आणि सोमवारी लाल पेनाने ते खोडून ‘जबरी चोरी’ केलं. एकानेही कलम उघडलं नाही. त्या सहा जणांनी वही आणताना तो खोडलेला कागदही आणावा, गुण वाढवून देते.