पाइप वेल्डरची मुलाखत (कुवेत), अंधेरी ऑफिस

मुलाखतकार: बसा संतोष. 6जी पोझिशनमध्ये वेल्डिंग करताना पाइप कसा असतो?

संतोष: 45 अंशात तिरका, पक्का बांधलेला. पाइप फिरत नाही, आपणच भोवती फिरायचं.

मुलाखतकार: रूट, म्हणजे पहिला पास?

संतोष: टिग वेल्डिंगने. आधी आतून-बाहेरून गंज, तेल काढतो. गॅप तीन एमएमच्या आसपास. पाइप धरायला मारलेल्या टॅकची टोकं घासून पातळ करतो, नाहीतर तिथे रूट नीट जोडत नाही. वरचे पास 7018 रॉडने.

मुलाखतकार: रॉड रात्रभर उघडे राहिले तर?

संतोष: तसे नाही वापरत. ओल धरतात, त्यातून हायड्रोजन शिरतो आणि सांध्याला तडा जातो. तो कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो. तळोज्याला पावसाळ्यात फोरमन घाई करायचा. मी म्हणायचो, आधी ओव्हनमध्ये तापवू द्या.

मुलाखतकार: बरोबर केलंत. तरी निवड टेस्ट पीसच्या एक्स-रेवर होईल. पासपोर्ट बघू. ईसीआर आहे, दहावी नाही?

संतोष: आठवीनंतर आयटीआय केलं.

मुलाखतकार: मग कुवेतला कामावर जायला इमिग्रेशन क्लिअरन्स लागणार. अनुभवाच्या दाखल्यावर कंपनीचा शिक्का नाही, तो घेऊन या.

संतोष: साहेब, डोंबिवलीचा एक एजंट म्हणाला, क्लिअरन्स लागत नाही, व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देतो. 80 हजार सांगितले. दहा हजार त्याच्या नंबरवर टाकलेत.

मुलाखतकार: कधी?

संतोष: काल रात्री.

मुलाखतकार: मग इथून उठायच्या आधी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पुढे सरकायच्या आत सांगितलं तर अडवता येण्याची शक्यता असते. मेसेज पुसू नका, पोलिसांत तक्रार करा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, पकडले गेलात तर तो एजंट फोनही उचलणार नाही. त्याने कंपनीचं डिमांड लेटर दाखवलं? पगार लिहिलेला करार?

संतोष: फक्त व्हॉट्सॲपवर फोटो.

मुलाखतकार: परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. तेही पावती देऊन. टोकन, सीट पक्की करायचे पैसे, हे शब्द ऐकलेत की उठून यायचं.

संतोष: आणि तुम्ही?

मुलाखतकार: विचारलंत ते चांगलं केलंत. भिंतीवर आमचा परवाना आहे. त्याचा नंबर emigrate.gov.in वर शोधा, मुदत बघा. मी थांबतो.

(संतोष मोबाइलवर तपासतो.)

संतोष: नाव, पत्ता जुळतोय. मुदतही आहे.

मुलाखतकार: आता 1930. टेस्ट गुरुवारी सकाळी नऊला, बूट आणि हातमोजे स्वतःचे आणा.

संतोष: पासपोर्ट इथेच ठेवू?

मुलाखतकार: नको. झेरॉक्स द्या, मूळ घरी न्या.