मंजुरीपत्रापेक्षा जादा आकारलेले प्रोसेसिंग शुल्क परत मिळण्याबाबत

दि. ४ मार्च २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग

संदर्भ: गृहकर्ज खाते, शेवटचे चार अंक ४१७२, मंजुरीपत्र दि. ६ जानेवारी २०२५

महोदय,

आपल्या शाखेने मला २४,००,००० रुपयांचे गृहकर्ज मंजूर केले. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या पानावर कलम ७ मध्ये प्रोसेसिंग शुल्क ०.३५ टक्के अधिक जीएसटी असे छापले आहे. म्हणजे ८,४०० रुपये शुल्क आणि १८ टक्क्यांनी १,५१२ रुपये जीएसटी, एकूण ९,९१२ रुपये. त्या पानावर बँकेचा शिक्का आहे, अधिकाऱ्यांची सही आहे आणि खाली माझीही आहे. केएफएसमध्येही हाच आकडा आहे.

प्रत्यक्षात २० फेब्रुवारीला, कर्ज वितरित झाले त्याच दिवशी, माझ्या बचत खात्यातून १४,१६० रुपये वळते झाले. पासबुकात नोंद आहे: `PROC FEE INCL GST 14160.00`. हा आकडा ०.५० टक्के दराचा आहे. ४,२४८ रुपये जादा गेले.

२४ फेब्रुवारीला मी शाखेत आले, तेव्हा सवलतीचा दर जानेवारीपुरताच होता, सिस्टीम आता नेहमीचाच दर घेते, असे मला काउंटरवर सांगण्यात आले. हे मला मान्य नाही. मंजुरीपत्र ९० दिवस, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत वैध आहे आणि सवलत जानेवारीअखेर संपेल असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. सिस्टीममध्ये दर बदलला म्हणून सही झालेल्या कागदावरचा दर बदलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, केएफएसमध्ये न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. अशी संमती माझ्याकडून कोणी मागितली नाही, मी दिलेलीही नाही.

रक्कम बँकेच्या दृष्टीने किरकोळ असेल, माझ्या दृष्टीने नाही. त्या खात्यात मी शुल्कापुरते पैसे मोजून ठेवले होते. बाकीचे मुलीच्या शाळेच्या फीचे होते. फी भरायला गेले तेव्हा खात्यात पैसे कमी पडले आणि बहिणीकडून उसने घ्यावे लागले.

तरी कृपया ३,६०० रुपये जादा शुल्क आणि त्यावरचा ६४८ रुपये जीएसटी, असे ४,२४८ रुपये माझ्या त्याच बचत खात्यात जमा करावेत. शुल्काची दुरुस्त पावतीही द्यावी. नुसते शुल्क परत करून जीएसटी तसाच ठेवू नये, ही विशेष विनंती. जादा आकारणी योग्य आहे असे बँकेचे म्हणणे असेल, तर ते कोणत्या कलमाच्या आधारे, हे मला लेखी कळवावे. तोंडी उत्तर मी आता ग्राह्य धरणार नाही.

या पत्राची पोच सही-शिक्क्यानिशी द्यावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करावी लागेल. ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण पुढची वीस वर्षे माझा हप्ता याच शाखेत येणार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
कर्जदार, गृहकर्ज खाते (शेवटचे अंक ४१७२)

सोबत: मंजुरीपत्राचे पान २, केएफएस आणि पासबुकातील नोंदीची प्रत