प्रतिवादी साक्षीदार क्र. २ यांच्या जबानीचा विषयवार गोषवारा

मॅडम, युक्तिवादाच्या तयारीसाठी. आपण वादीतर्फे (औषध वितरक). साक्षीदार हा प्रतिवादी शीतगृहाचा रात्रपाळी पर्यवेक्षक. जबानी एकूण ९४ पृष्ठे, दर पृष्ठी २५ ओळी: सरतपास १–१८, उलटतपास १९–८८, फेरतपास ८९–९४. संदर्भ पृष्ठ:ओळ असे दिले आहेत. अवतरणातले शब्द साक्षीदाराचेच, बाकी माझा सारांश. माझे मत जिथे आहे तिथे "टीप" म्हटले आहे. वेळ कमी असेल तर फक्त विषय ३ आणि ४ वाचा. सगळा दावा तिथेच अडकला आहे.

१. साक्षीदाराची पार्श्वभूमी

अकरा वर्षे नोकरी, त्यातली शेवटची चार रात्रपाळीवर (३:४–१२). खोली क्र. ३ मध्ये औषधे असतात आणि तापमान २ ते ८ अंश सेल्सियस ठेवायचे असते, हे माहीत होते (५:१८–२३). प्रशिक्षण "कामावरच झालं", लेखी काही मिळाले नाही (२१:७–१५). कार्यपद्धतीची पुस्तिका (नि. ९) कार्यालयात होती, पण पूर्ण वाचलेली नाही (२२:२–६). मालाची संख्या, किंमत, बॅच यांबद्दल काहीच माहिती नाही (२४:१–१९). हा भाग आपल्या उपयोगाचा नाही.

२. वीज गेली तेव्हा काय झाले

वीज १.२० ला गेली, जनरेटर आपोआप सुरू झाला (८:३–९). दिवे आले म्हणून "सगळं चालू झालं असं धरलं" (८:१४–१५). तिन्ही खोल्यांचे कॉम्प्रेसर वेगवेगळे आहेत, आणि वीज परत आली की खोली क्र. ३ चा सिंगल फेज प्रिव्हेंटर कधीकधी ट्रिप होतो, मग तो हाताने रीसेट करावा लागतो, हे उलटतपासात मान्य केले (३३:९–२०). असे आधीही "दोन-तीनदा" झाले होते (३४:१–४). त्या रात्री वीज गेल्यावर कॉम्प्रेसरच्या पॅनलपाशी जाऊन पाहिले का? "नाही, गरज वाटली नाही." (३४:११–१३)

टीप: ३३:९ ते ३४:१३ हा भाग सलग वाचून दाखवावा. दोष माहीत होता, तो कसा दूर करायचा हेही माहीत होते, तरी पाहिले नाही. तुकडे केले तर जोर जातो.

३. गजर केव्हा कळला

इथे तीन वेगवेगळी उत्तरे आहेत.

सरतपासात: सकाळी ६ वाजताच्या फेरीत खोलीचे दार उघडले तेव्हाच कळले, त्याआधी कोणतीही सूचना नव्हती (१४:९–१६). फोन कार्यालयात चार्जिंगला लावला होता (१४:१९–२०).

उलटतपासात आधी तेच सांगितले (४३:५–१०). मग डेटा लॉगरची नोंद (नि. ७) दाखवली: दर १५ मिनिटांनी वाचन, २.०० ला ७.३, २.३० ला ८.४ अंश. गजराचा संदेश २.३५ ला गेला (४४:२–१६). गजरप्रणालीच्या नोंदीप्रमाणे (नि. ८) २.४१ ला रात्रपाळीच्या लॉगिनवरून बझर बंद केला गेला. त्या पाळीत ते लॉगिन दुसरे कोणी वापरते का? "नाही, माझ्याकडेच असतो पासवर्ड." (५७:१८–२१) मग "बझर बंद केला असेन, आठवत नाही" (५८:३–६). आणि लगेच, २.३६ व २.३८ च्या दोन मिस्ड कॉलबद्दल: "हो, बघितले होते. वाटलं नेहमीसारखं खोटं असेल." (५८:७–११)

फेरतपासात पुन्हा मागे: कॉल "आले असतील, बघितले नाहीत" (९१:४–१२). यावर पुन्हा उलटतपासाची परवानगी मागितली होती, मिळाली नाही (९२:१–८).

टीप: ५९:२२ ला १५ मिनिटांची सुटी झाली. त्यानंतर साक्षीदाराने ५८ वरच्या उत्तराला थेट नकार दिलेला नाही, फक्त "गोंधळलो होतो" म्हटले (६०:४–७). ५८:७–११ हीच आपली सर्वात भक्कम ओळ. ९१ वरचे उत्तर तिच्यासमोर टिकणार नाही. चार्जिंगची गोष्ट तर ५८ नंतर उरतच नाही, कारण फोन पाहिल्याशिवाय मिस्ड कॉल दिसत नाहीत.

आणखी एक: ४४:१७ ला टंकलेखकाने २.४० ऐवजी १२.४० छापले आहे. साक्षीदाराची सही होण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्यावा, नाहीतर समोरचे त्याचा वापर करतील.

४. फेरीची नोंदवही

दर दोन तासांनी फेरी मारून तापमान लिहायचे, हे मान्य (३६:२–८, नि. ९, कलम ४.२). नोंदवहीत (नि. ११) २.०० आणि ४.०० या दोन्ही वेळांपुढे ५ अंश लिहून सही आहे; दोन्ही सह्या स्वतःच्या (६३:१०–१७). लॉगरवर ४.०० ला १२.९ आहे, हे दाखवल्यावर बराच वेळ शांत; कमिशनरांनी "साक्षीदार उत्तर देत नाही" अशी नोंद केली (६५:३–६). मग खुलासा: दारावरच्या काट्याच्या थर्मामीटरवर पाहून लिहिले, "त्यावर पाचच होतं" (६५:१४–१९). तो काटा कधीकधी अडकतो हे ठाऊक होते (६७:२०–६८:५), वरिष्ठांना तोंडी सांगितले होते (६८:६–१०).

सकाळच्या ताब्याच्या नोंदीत "सर्व ठीक" हे ६.०० ला लिहिले आहे, पण लिहिले पाच वाजताच, "सगळे आधीच लिहून ठेवतात" (७०:१–९). प्रतिवादीच्या वकिलांची हरकत: इतरांबद्दलचा प्रश्न विषयाबाहेर (७०:१०–१४). हरकत नोंदवून उत्तर घेतले.

टीप: अडकलेला काटा दुधारी आहे. साक्षीदार खोटे लिहीत नव्हता असे म्हणायला प्रतिवादीला तो उपयोगी पडतो. पण बिघडलेले उपकरण ठाऊक असूनही बदलले नाही, हे शीतगृहावरच येते. मला वाटते, आपण खोटेपणाच्या आरोपात न अडकता दुसऱ्या बाजूवर भर द्यावा. ६८:६–१० ला "वरिष्ठ" कोण ते विचारायचे राहिले, ही आपली चूक झाली.

५. नुकसान झाल्यावर

६.२० ला प्रिव्हेंटर रीसेट केला, कॉम्प्रेसर "लगेच सुरू झाला" (७५:३–७). लॉगरवर सर्वाधिक वाचन ६.१५ चे, १७.६ अंश. तापमान पुन्हा ८ च्या खाली ९.०० ला आले (७५:१५–१८). वादीला कोणी कळवले? "माझं काम नाही ते." (७६:१) दुपारी व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावून "बाहेर बोलू नका" असे सांगितले, हे विचारताच हरकत घेतली गेली (७९:५–११). उत्तर "हो" असे आले, आणि ते अभिलेखावर आहे (७९:१२).

६. कागदपत्रे

जनरेटरची देखभाल-वही आणि थर्मामीटरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र साक्षीदाराकडे नाही, "ऑफिसमध्ये असेल" (८३:९–१४). प्रतिवादीच्या वकिलांनी ती हजर करण्याचे तोंडी मान्य केले (८४:२–५), मुदत दिली नाही. आजपर्यंत काही आलेले नाही. हजर करण्याच्या अर्जाचा मसुदा आजच फाईलला लावतो.